‘पाच टक्के वाढवा’ म्हणजे नेमके किती?

जालना जिल्ह्यात पदवीला शिकणाऱ्या आपल्या मुलींपैकी अनेकींचे पुढचे स्वप्न बी.एड. हे असते. नोकरी मिळेल की नाही हा पुढचा प्रश्न, पण घरच्यांना पटणारा आणि मुलीला पायावर उभा करणारा हा मार्ग आहे. या मार्गावर पहिले दार टक्केवारीचे आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनुसार पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत किमान 50 टक्के गुण लागतात. सीईटीत कितीही चांगले गुण मिळाले तरी ही अट सुटत नाही.

मी रविवारी एका अभ्यासिकेत मुलामुलींना गणित आणि अर्ज भरण्यात मदत करतो. तिथे दरवर्षी एक गोष्ट पाहतो. दोन वर्षांची सरासरी 45 टक्के असलेल्या मुलीला कोणीतरी सांगते, ‘पाच टक्के वाढव, काम होईल.’ सल्ला देणारा चांगल्या मनाने बोलतो, ऐकणारी मनापासून अभ्यास करते, आणि निकालाच्या दिवशी दार बंद असते. दोष मेहनतीचा नसतो. ‘पाच टक्के’ या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात आणि ते कोणी वेगळे करून सांगत नाही.

पहिला अर्थ असा: 45 चे पाच टक्के, म्हणजे 2.25. या हिशेबाने सरासरी 47.25 होते. दुकानदार भाव पाच टक्क्यांनी वाढवतो तेव्हा आपण असाच हिशेब करतो, म्हणून तो चुकीचा वाटत नाही. दुसरा अर्थ असा: टक्केवारीच्या मोजपट्टीवर पाच घरे वर, म्हणजे 45 वरून 50. इंग्रजीत या घरांसाठी ‘पर्सेंटेज पॉइंट’ असा वेगळा शब्द आहे. आपण बोलताना दोन्हींना ‘टक्के’च म्हणतो. 45 वरून 50 वर जाणे म्हणजे पाच पॉइंटची वाढ, पण मूळ 45 च्या तुलनेत ती 11.11 टक्के वाढ आहे. आकडे वेगळे असले तरी गोष्ट एकच.

प्रवेशाच्या नियमांत नेहमी दुसरा अर्थ असतो. महाराष्ट्रात बी.एड.साठी राखीव प्रवर्गातील उमेदवारांना पाच टक्के सवलत मिळते, म्हणजे अट 50 वरून 45 वर येते, 47.5 वर नव्हे. बागवान, तांबोळी यांसारख्या मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. 46 टक्के असलेली ओबीसी मुलगी ‘सवलत धरूनही आपण बसत नाही’ असे समजून अर्जच भरत नसेल, तर तिने हक्काची जागा हिशेबापायी सोडली. जातीचे आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र वेळेत काढणे मात्र तिच्याच हातात आहे.

आता ज्या मुलीला सवलत लागू नाही, तिचा हिशेब पाहू. समजा, तिच्या पदवीची सहा सत्रे आहेत आणि प्रत्येक सत्र 500 गुणांचे आहे. एकूण 3000 गुण. चार सत्रे झाली, त्यात 2000 पैकी 900 गुण मिळाले, म्हणजे 45 टक्के. शेवटच्या वर्षाचे 1000 गुण बाकी आहेत.

पहिला अर्थ धरून तिने शेवटच्या वर्षी 47.25 टक्के मिळवले, तर एकूण सरासरी 45.75 होते. पाच टक्के वाढवायला निघालेली मुलगी जेमतेम पाऊण पॉइंट पुढे जाते. दुसरा, बरोबर अर्थ धरून तिने शेवटच्या वर्षी 50 टक्के मिळवले, तरी एकूण 1400 गुण होतात, म्हणजे 46.67 टक्के. दार अजून बंदच. कारण झालेली चार सत्रे आता हलत नाहीत. सगळी चढण उरलेल्या दोन सत्रांनीच चढायची असते.

म्हणून हिशेब टक्क्यांत न करता गुणांत करावा. 3000 चे 50 टक्के म्हणजे 1500. त्यातून मिळालेले 900 वजा केले की 600 उरतात. शेवटच्या वर्षी 1000 पैकी 600 हवेत, म्हणजे 60 टक्के. सरासरी पाच पॉइंटने उचलायला चालू वर्षाचा निकाल 15 पॉइंटने उचलावा लागतो. ‘पाच टक्के वाढव’ या सल्ल्यात ही गोष्ट कुठेच दिसत नाही.

हाच हिशेब पाचव्या सत्रानंतर पुन्हा करावा. त्या सत्रात 270 गुण मिळाले, तर सहाव्या सत्रात 330 लागतील, म्हणजे 66 टक्के. 200 च मिळाले, तर 400 लागतील, म्हणजे 80 टक्के. हा आकडा आवाक्याबाहेर वाटला तर वेळीच दुसरी वाट पाहता येते. वरच्या नियमात ‘पदवी किंवा पदव्युत्तर’ असे आहे; एम.ए.ला 50 टक्के मिळवून बी.एड.ला जाता येते. मात्र हे जुलैत कळले तर घरात बोलणी होतात, निकालानंतर कळले तर लग्नाची.

एक काळजी घ्यावी. सगळी सत्रे सारख्या गुणांची असतीलच असे नाही, आणि अंतिम टक्केवारीत कोणते विषय धरायचे किंवा श्रेणीवरून टक्के कसे काढायचे याचे विद्यापीठांचे नियम वेगवेगळे असतात. त्यामुळे आकडे गुणपत्रिकेवरून घ्यावेत आणि नियम महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात विचारावा. 49.8 ला 50 धरतील या भरवशावर तर अजिबात राहू नये. यूजीसी-नेटच्या 55 टक्क्यांच्या अटीत तर आकडा पूर्ण करून धरला जाणार नाही असे स्पष्टच लिहिलेले असते.

शाळांनीही याकडे पाहावे. ‘प्रत्येकाने दहा टक्के प्रगती करावी’ अशी सूचना निघते. शब्दशः घेतली तर 80 वाल्याला आठ गुण आणि 30 वाल्याला तीनच गुण वाढवायचे आहेत. ज्याला सर्वांत जास्त पुढे यायचे, त्याच्याकडून सर्वांत कमी मागितले जाते, आणि 33 वर पोहोचल्यावर त्याने उद्दिष्ट गाठले असे कागदावर दिसते.

आपल्या भाषेत यावर साधा उपाय आहे. ‘टक्क्यांनी’ म्हटले की घोळ होतो, ‘टक्क्यांवर’ म्हटले की होत नाही. ‘पाच टक्क्यांनी वाढव’ ऐवजी ‘सरासरी 50 टक्क्यांवर ने’ म्हणावे, आणि त्यापुढे ‘त्यासाठी या वर्षी 1000 पैकी 600 गुण हवेत’ हे वाक्य जोडावे. माझी मागणी एवढीच आहे: महाविद्यालयांनी, अभ्यासिकांनी आणि मार्गदर्शन शिबिरे घेणाऱ्या संस्थांनी अंतिम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सत्राच्या सुरुवातीलाच हा एक आकडा लिहून द्यावा. गुणपत्रिका समोर असेल तर त्याला पाच मिनिटे लागतात.