मीटरवर पाच दाखोते ना!

दिवाळीत गावी गेलो होतो. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. शेत गावापासून लांब, आणि रानडुकरं नि रोही यांच्यामुळे सोयाबीन निघेपर्यंत रात्रीची जागल ठरलेली. आता चुलतभावाने कुंपणाला सोलरवरचं झटका मशीन लावलंय आणि त्याच १२ व्होल्टच्या बॅटरीवर एक फोरजी कॅमेरा टांगलाय. घरात बसून मोबाईलवर शेत दिसतं. काका खूश, कारण थंडीत मचाणावर बसणं वाचलं.

तर झालं असं, की हा कॅमेरा रात्री मध्येच बंद पडून परत चालू व्हायचा. दिवसा ठणठणीत. कॅमेऱ्याला ५ व्होल्ट लागतात, म्हणून मध्ये एक छोटं हिरवं-निळं बक कन्व्हर्टर मॉड्यूल होतं. चिपवर LM2596 छापलेलं, शंभरेक रुपयांत मिळतं ते. पत्र्याच्या डबीत हात घातला तर कॉइल चटका देण्याइतकी गरम, आणि शेजारचा कपॅसिटर वरून फुगलेला.

मी म्हटलं, "मॉड्यूलच गडबड आहे रे."

भाऊ म्हणाला, "दादा, मीटरवर बराबर पाच दाखोते ना, मंग प्रॉब्लेम काय हाय?"

या वाक्यावर माझा राग आहे. भावावर नाही. तो बी.ए. आहे, त्याने स्वतःच्या डोक्याने एवढं उभं केलं हेच भरपूर झालं. राग आहे तो इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री घेऊन हेच वाक्य बोलणाऱ्यांवर. आणि त्यात मी स्वतःही होतो. आम्हाला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना फळ्यावर एक ओळ आली: आउटपुट म्हणजे ड्यूटी गुणिले इनपुट. रिपलचं सूत्र दुसऱ्या पानावर, वेगळ्या चौकटीत. पेपरला दोन्ही "हमखास". ही दोन सूत्रं एकाच गोष्टीतून निघतात हे कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. असो.

ती एक गोष्ट अशी. बक कन्व्हर्टरमध्ये स्विच चालू असतो तेव्हा कॉइलच्या एका टोकाला बॅटरीचे १२ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला आउटपुटचे ५. म्हणजे कॉइलवर ७ व्होल्ट, आणि तिच्यातला करंट एकसारखा चढत जातो. स्विच बंद झाला की करंट डायोडमधून वाट काढतो. आता कॉइलवर ५ व्होल्ट उलटे, करंट उतरत जातो. चढ किती? व्होल्ट गुणिले वेळ, भागिले इंडक्टन्स. उतारही तसाच.

आता "स्टेडी स्टेट" म्हणजे काय, तर प्रत्येक सायकलच्या सुरुवातीला करंट तेवढाच असतो जेवढा मागच्या सायकलच्या सुरुवातीला होता. गावच्या टाक्यातलं पाणी रोज सकाळी त्याच खुणेवर दिसत असेल, तर दिवसभरात आलं तेवढंच गेलं. तसंच इथे. चढाचे व्होल्ट-सेकंद आणि उताराचे व्होल्ट-सेकंद सारखे. नसते तर करंट दर सायकलला थोडा थोडा वाढत चिप जाळून मोकळा झाला असता, नाहीतर कमी होत शून्यावर आला असता.

```
(Vin - Vo) × ton = Vo × toff
Vo = D × Vin
ΔI = (Vin - Vo) × ton / L
```

पहिली ओळ हीच खरी. दुसरी तिच्यातून सोडवून मिळते. तिसरी म्हणजे पहिल्या ओळीची डावी बाजू, L ने भागलेली. बस्स.

आकडे घालून बघा. ड्यूटी ५ भागिले १२, म्हणजे ०.४१७. LM2596 चं डेटाशीटवरचं स्विचिंग १५० किलोहर्ट्झ, म्हणजे एक सायकल ६.६७ मायक्रोसेकंदांची. त्यात चालू २.७८, बंद ३.८९. चढ: ७ गुणिले २.७८, साधारण १९.४ व्होल्ट-मायक्रोसेकंद. उतार: ५ गुणिले ३.८९, परत १९.४. जमलं. कॉइलवर 330 लिहिलेलं होतं. हे ३३० नव्हे, ३३ मायक्रोहेन्री. शेवटचा शून्य म्हणजे "पुढे एकही शून्य नाही". १९.४ भागिले ३३, रिपल जवळपास ०.५९ अँपिअर. कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवे लावून साधारण १ अँपिअर घेतो, म्हणजे कॉइलचा करंट ०.७ ते १.३ मध्ये वरखाली. छान. यात काहीच गरम व्हायला नको.

पण गरम होत होतं. म्हणजे हिशोबात घातलेला एखादा आकडा खोटा होता.

भावाच्या मीटरला Hz आणि ड्यूटी टक्क्यांचं बटण होतं, आजवर कोणी दाबलेलं नाही. कॅमेरा काढला, त्याच्या जागी ५ ओहमचा सिरॅमिक रेझिस्टर लावला, म्हणजे लोड बरोबर १ अँपिअर. मग कॉइलच्या चिपकडच्या टोकावर प्रोब टेकवला. (चिपच्या पायांवर टेकवू नका. पहिल्या दोन पायांत प्रोब घसरला तर १२ व्होल्ट थेट आउटपुटला जातील.) मीटर म्हणालं ५० किलोहर्ट्झच्या आसपास. १५० नाही, ५०.

अशी मॉड्यूल्स बाजारात सर्रास मिळतात. याच घराण्यातली जुनी चिप LM2576 ही ५२ किलोहर्ट्झवर चालते, आणि नव्या नावाखाली तसलंच काहीतरी विकलं जातं. आता गंमत बघा. दुसऱ्या ओळीत फ्रिक्वेन्सी आहे का? नाही. सायकल तिप्पट लांब झाली तरी ड्यूटी तोच, व्होल्टेज तेच. भावाचं मीटर खोटं बोलत नव्हतं, पाच म्हणजे पाचच होते. पण तिसऱ्या ओळीतला वेळ तिप्पट झाला. ७ गुणिले ८.३३ म्हणजे ५८.३, भागिले ३३, रिपल १.७७ अँपिअर! कॉइलचा करंट ०.१२ पासून १.८८ पर्यंत झोके घेतोय. आणि हा सगळा झोका कपॅसिटरने गिळायचा असतो, कारण कॅमेऱ्याला सरळ १ अँपिअर हवा. कपॅसिटरच्या आतल्या रेझिस्टन्समधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. तिप्पट रिपल, नऊपट उष्णता. वर यवतमाळचा मे महिना आणि उन्हातली पत्र्याची डबी. फुगणार नाही तर काय. फुगला की त्याचा आतला रेझिस्टन्स वाढतो, तोच झोका आता आउटपुटवर व्होल्टेज म्हणून दिसू लागतो, आणि रात्री लोड वाढला की कॅमेरा रिसेट. मीटर मात्र सरासरी दाखवतं. पाच.

इथे माझ्या कंपनीतल्या एका मित्राने (तोही इलेक्ट्रॉनिक्सवालाच, आता जावा लिहितो) मला सुनावलं, की बाबा रे, चिपमध्ये फीडबॅक आहे, ड्यूटी ती स्वतः ठरवते, तुझे व्होल्ट-सेकंद मोजायला कुणाला वेळ आहे? या युक्तिवादात अर्धा दम आहे. खऱ्या सर्किटमध्ये चालू स्विचवर साधारण ०.९ व्होल्ट पडतात आणि डायोडवर ०.४. मग चढाला ६.१ व्होल्ट उरतात आणि उताराला ५.४ लागतात. तोल साधायला ड्यूटी ४७ टक्के हवा, पाठ केलेले ४१.७ नव्हे. मीटरनेही तेवढाच दाखवला. समजा फीडबॅक नसता आणि कुणी कोडमध्ये ४१.७ टक्के ठोकून दिले असते, तर आउटपुट ४.४ व्होल्ट आलं असतं. ते पाच टक्के फीडबॅकने गुपचूप भरून काढले, मान्य.

पण फीडबॅक फक्त आउटपुटचं व्होल्टेज बघतो. कॉइलमधला करंट किती झोके घेतोय याची त्याला खबर नाही, त्यासाठी त्याने काही करावं अशी सोयही नाही. ते L आणि फ्रिक्वेन्सीने ठरतं, आणि दोन्ही विकत घेताना ठरून जातात. ज्या गोष्टीची काळजी चिप घेते ती आपण पाठ करतो. ज्याची ती घेत नाही, ते पान ऑप्शनला टाकतो. वा रे शिक्षण!

आणि पाठांतराचा दुसरा फटका. हे ५० किलोहर्ट्झवालं मॉड्यूल ०.८८ अँपिअरच्या खाली चालवलं, की कॉइलचा करंट दर सायकलला शून्यावर पोचून तिथेच थांबतो, कारण डायोड उलटा वाहू देत नाही. दिवसा कॅमेरा ०.३ अँपिअर घेतो, तेव्हा हेच होतं. मग ड्यूटी गुणिले इनपुट हे सूत्र सरळ चूक ठरतं. ड्रॉप धरून हिशोब केला तर ड्यूटी २७-२८ टक्क्यांवर येतो. पहिली ओळ मात्र तेव्हाही खरी असते, फक्त toff म्हणजे पूर्ण उरलेला वेळ नव्हे, तर करंट शून्यावर येईपर्यंतचाच वेळ.

उपाय? नवीन मॉड्यूल मागवलं असतं तर तेही तसंच निघण्याची शक्यता होती. मग यवतमाळला जाऊन एका रिपेअरवाल्याकडून १०० मायक्रोहेन्रीची, ३ अँपिअर सोसणारी जाड तारेची कॉइल आणि कमी रेझिस्टन्सचा, १०५ डिग्रीचा कपॅसिटर आणला. ५८.३ भागिले १०० म्हणजे ०.५८ अँपिअर, जिथे असायला हवा होता तिथेच. जुन्या जागेत कॉइल बसेना, म्हणून तारेने बाहेर काढून लावली. दिसायला भयंकर :-)

हात लावला तर कोमट. भावाने सवयीने मीटर लावलं, पाच बघितले, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "पहिलेबी पाचच होते ना बे दादा!"

मग मी त्याला Hz चं बटण दाखवलं.