एक पान की चार पानं?

घरात कुणी नोकरी बदलायला निघालं की मोठी माणसं विचारतात, "बायोडाटा तयार आहे ना?" त्याच कागदाला कॉलेजात रेझ्युमे म्हणतात, आणि कंपनीतून फोन आला की पलीकडचा माणूस म्हणतो, "सीव्ही पाठवा." आपल्याकडे या तीन शब्दांनी फारसं काही बिघडत नाही. देश बदलला की मात्र बिघडतं. अमेरिकेत रेझ्युमे म्हणजे नोकरीसाठीचा एक, फार तर दोन पानांचा कागद. तिथे सीव्ही म्हणतात तो विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत द्यायचा शैक्षणिक कारकिर्दीचा पूर्ण तपशील, तो दहा पानांचाही असू शकतो. ब्रिटनमध्ये दुकानात काम मागायला जाणारा मुलगाही सीव्हीच देतो, आणि तो साधारण दोन पानांचा असतो. त्यामुळे जाहिरातीत 'सीव्ही' वाचलं की आधी जाहिरात कुठली आहे ते बघायचं.

एक उदाहरण घेऊ. समजा, बडोद्याची एक मेकॅनिकल इंजिनिअर मुलगी आहे. मे २०१९ मध्ये पदवी झाली, फेब्रुवारी २०२० पासून ती मकरपुऱ्यातल्या एका पंप कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. तिच्याकडे चार पानांचा एक बायोडाटा आहे. त्यात फोटो, वडिलांचं नाव, जन्मतारीख, विवाहित की अविवाहित, पासपोर्ट क्रमांक, आठही सेमिस्टरचे गुण, तीन दिवसांच्या कार्यशाळा आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे' असं प्रतिज्ञापत्र, असं सगळं आहे. तिला तीन ठिकाणी अर्ज करायचा आहे: ह्यूस्टनची एक कंपनी, श्टुटगार्टची एक कंपनी, आणि जर्मनीतल्या एका विद्यापीठातली पीएचडीची पगारी जागा.

ह्यूस्टनपासून सुरुवात करू. इथे एक पान. फोटो, जन्मतारीख, लग्न, वडिलांचं नाव, सगळं काढायचं. कारण तिथला कायदा वय, वंश, धर्म, लिंग यांवरून नोकरीत भेदभाव करू देत नाही. अशी माहिती अर्जात आलीच, तर उद्या कुणी 'तुम्ही त्यावरूनच निवड केलीत' म्हणेल, म्हणून कंपन्यांना ती हातातच नको असते. पासपोर्ट क्रमांक तर कुठल्याच देशात अर्जावर लिहू नये. प्रतिज्ञापत्रही तिथे कुणी मागत नाही.

एवढं काढूनही दोन पानं उरतात. आता कात्री कामाच्या वर्णनावर चालवायची. 'तपासणी विभागाची जबाबदारी सांभाळली' हे वाक्य त्या विभागातल्या प्रत्येकाला लागू पडतं. त्याऐवजी 'पंपाच्या केसिंगची तपासणी मशीनिंगच्या आधी आणली, त्यामुळे रद्द होणारे नग शंभरात ६ वरून २ वर आले' असं लिहिलं, तर तिनं काय केलं ते एका ओळीत कळतं. अशा चार-पाच ओळी ठेवायच्या आणि त्या जागेशी संबंध नसलेल्या गाळायच्या. कार्यशाळा आणि सेमिस्टरचे गुण गेले की पान आपोआप एकावर येतं. अक्षर बारीक करून, समास कमी करून एका पानात कोंबलेला कागद म्हणजे दोन पानांचाच कागद, फक्त वाचायला त्रासदायक. आणखी एक, अमेरिकेत कागदाचं माप ए-फोर नाही, 'लेटर' आहे. तो थोडा रुंद आणि कमी उंचीचा असतो. फाइलमध्ये ते माप आधीच निवडलं नाही, तर छापताना शेवटच्या दोन ओळी दुसऱ्या पानावर उतरू शकतात.

आता श्टुटगार्ट. जर्मनीत या कागदाला लेबेन्सलाउफ म्हणतात, शब्दशः 'आयुष्याचा क्रम'. तो एक ते दोन पानांचा, डावीकडे तारखा आणि उजवीकडे तपशील असा असतो, आणि नवीन गोष्ट वर येते. वाचणारा आधी डावीकडचा रकाना खाली वाचत जातो आणि महिने जुळतात का ते बघतो. आपल्या मुलीच्या कागदात पदवी मे २०१९, नोकरी फेब्रुवारी २०२०. मधले आठ महिने कुठे गेले? ह्यूस्टनच्या पानावर पहिल्या नोकरीआधीचा हा काळ कुणाला खटकणार नाही. इथे मात्र एक ओळ हवी: 'जून २०१९ ते जानेवारी २०२०, नोकरीचा शोध आणि जर्मन भाषेचा ए-टू स्तराचा अभ्यास.' जे खरं असेल ते लिहायचं. घरात आजारपण होतं, तर 'कौटुंबिक जबाबदारी' एवढं पुरतं. रिकामी जागा ठेवली की वाचणारा ती स्वतःच्या अंदाजानं भरतो.

फोटोचं काय? जर्मनीत भेदभावाविरुद्धचा कायदा २००६ साली आला, तेव्हापासून कंपनीला फोटो मागता येत नाही असंच धरून चाललं जातं. पण लावायची प्रथा बरीच टिकून आहे. लावला तर स्टुडिओतला साधा फोटो, नाही लावला तरी चालतं. मुख्य गोष्ट वेगळीच आहे. तिथे कागदासोबत पदवीपत्र, गुणपत्रकं आणि आधीच्या मालकाचं कामाबद्दलचं पत्रही जोडायची पद्धत आहे. म्हणून जे तपशील आपण कागदात कोंबतो, ते तिथे जोडपत्रांत जातात. गुण लिहिताना '८.४' एवढंच न लिहिता '१० पैकी ८.४' लिहायचं, कारण जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण आहे आणि ५ म्हणजे नापास.

तिसरा अर्ज पीएचडीचा, आणि इथेच लांब सीव्हीची खरी गरज आहे. निवड करणारे प्राध्यापक असतात. त्यांना प्रकल्पाचा विषय, मार्गदर्शक कोण होते, कुठली उपकरणं आणि सॉफ्टवेअर स्वतः वापरली, शोधनिबंध कुठे छापला किंवा परिषदेत कुठे वाचला, हे हवं असतं. ह्यूस्टनच्या कागदातून गाळलेला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प इथे अर्धं पान घेतो. कारखान्यातली नोकरी मात्र तीन ओळींत आटपते. तीन पानं झाली तरी हरकत नाही, पण प्रत्येक ओळ अभ्यासाबद्दल असावी.

म्हणून घरी एक लांब फाइल ठेवावी, फक्त स्वतःसाठी. तिच्यात महिन्यासकट प्रत्येक तारीख, प्रत्येक काम, प्रत्येक आकडा लिहून ठेवावा. ती कुणालाही जशीच्या तशी पाठवायची नाही. प्रत्येक अर्जाचा कागद तिच्यातून कापून काढायचा. तारखांमध्ये महिना अक्षरांत लिहावा, कारण ०३/०४/२०२२ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च.

पाठवण्याआधी एक चाचणी करा. पीडीएफमधला सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. बऱ्याच कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि त्याला साधारण तसंच दिसतं. दोन रकाने एकमेकांत मिसळले, नोकरीचं नाव एकीकडे आणि तारखा दुसरीकडे गेल्या, तर मांडणी साधी करा. मग घरातल्या कुणाला तरी तो कागद अर्धा मिनिट दाखवून काढून घ्या आणि विचारा, "मी कुठलं काम मागतेय?" उत्तर बरोबर आलं, तर पानं किती झाली याची चिंता नको.