स्लिप मोजून कप्तान ओळखू नका

कसोटी सामना सुरू असला की आमच्याकडच्या चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "तीन स्लिप लावल्यात, याला म्हणतात आक्रमक कप्तान!" दुपारी फिरकी सुरू होते, स्लिपमध्ये एकच माणूस उरतो आणि तीच मंडळी म्हणतात, "आता बचावात गेला." टीव्हीवरचे समालोचकही बऱ्याचदा हेच शिकवतात. माझं म्हणणं स्पष्ट आहे. ही मोजणी चुकीची आहे आणि तिने सर्वांत जास्त नुकसान फिरकी गोलंदाजांचं केलं आहे.

वेगवान गोलंदाजाचा झेल कुठे जातो ते आधी पाहू. नवा चेंडू, ताशी 140 किलोमीटरच्या आसपासचा वेग, बॅटची बाहेरची कड. फलंदाजाने जोर लावला नसला तरी गोलंदाजाचाच वेग चेंडूला मागे नेतो. म्हणून यष्टीरक्षक, स्लिप आणि गली हे सगळे मागे, बऱ्याच अंतरावर उभे असतात. गोलंदाज आणि यष्टीरक्षक सोडले तर कप्तानाच्या हातात नऊ माणसं उरतात. त्यातले तीन स्लिपमध्ये, एक गलीत, मग पॉइंट, मिड-ऑफ, मिड-ऑन, मिड-विकेट आणि फाइन लेग. कव्हर रिकामं राहतं. ती चूक नाही, ते आमिष आहे. फलंदाजाने तिकडे ड्राइव्ह मारायचा मोह धरावा आणि कड लागावी. गेले चार तर गेले. इथे स्लिप मोजणं काही अंशी बरोबर आहे, कारण बळी खरोखर मागे मिळतो. वेगवान गोलंदाजाचा बचावही तिथूनच सुरू होतो: चेंडू जुना झाला, कड लागून चौकार जाऊ लागले की एक स्लिप काढून थर्ड मॅनला पाठवतात.

फिरकीत हिशोब उलटा होतो. चेंडूला स्वतःचा वेग कमी असतो. उजव्या हाताच्या फलंदाजाला ऑफस्पिनर टाकतोय असं धरा. चेंडू आत वळतो, आतली कड घेतो, पॅडवर आदळतो आणि दोन-चार पावलांत जमिनीवर पडतो. तो झेल दूरच्या माणसाला कधीच मिळणार नाही. म्हणून शॉर्ट लेग फलंदाजाच्या अगदी जवळ बसतो. न वळता सरळ गेलेल्या चेंडूसाठी एक स्लिप पुरते. लेगकडे वळवताना उडालेल्या झेलासाठी लेग स्लिप. तीन माणसं झाली. उरलेले सहा पॉइंट, कव्हर, मिड-ऑफ, मिड-ऑन, मिड-विकेट आणि स्क्वेअर लेगला, सगळे वर्तुळात. सीमारेषेवर कुणी नाही.

या सहा जणांना लोक बचाव समजतात, तिथेच गल्लत होते. ते एकेरी धाव अडवतात, आणि फिरकीत एकेरी धाव अडवणं हाच हल्ला असतो. वेगवान गोलंदाजाचा एक चेंडू नव्या फलंदाजालाही संपवू शकतो. फिरकी गोलंदाजाला मात्र एकाच फलंदाजाला सलग पाच-सहा चेंडू टाकावे लागतात: एक वळणारा, एक हळू, एक सरळ. फलंदाज दुसऱ्याच चेंडूवर एक धाव घेऊन पलीकडे गेला तर सापळा तिथेच मोडतो.

डिसेंबर 2020 ची मेलबर्न कसोटी आठवा. अ‍ॅडलेडला 36 धावांत गारद झालेला संघ, कोहली मायदेशी परतलेला आणि कप्तानपदी आपला मुंबईकर अजिंक्य रहाणे. ऑस्ट्रेलियाने प्रथम फलंदाजी घेतली. रहाणेने पहिल्याच तासात अश्विनच्या हाती चेंडू दिला. खेळपट्टीत उसळी होती. मॅथ्यू वेड पुढे येऊन उंच मारायला गेला आणि चेंडू हवेत चढला. मिड-ऑनवरचा जडेजा मागे धावला, समोरून गिल आला, दोघांची टक्कर झाली, पण जडेजाने झेल सोडला नाही. जडेजा सुरुवातीपासून लाँग-ऑनला असता तर वेडने तो फटका मारलाच असता का? माझ्या मते, नसता. त्याने खाली खेळून एक धाव घेतली असती आणि आपण म्हटलं असतं, "बघा, चौकार अडवला."

मग स्टीव्ह स्मिथ. अ‍ॅडलेडला याच अश्विनने त्याला सरळ चेंडूवर स्लिपमध्ये रहाणेकडे झेल द्यायला लावला होता. मेलबर्नला लेगच्या बाजूला, फलंदाजाच्या मागे पुजारा उभा होता. स्मिथच्या आवडीचा फटका म्हणजे चेंडू लेगकडे वळवून धाव काढणं. त्याने तेच केलं आणि चेंडू थेट पुजाराच्या हातात गेला. शून्य! गोलंदाज तोच, फलंदाज तोच. एकदा बळी ऑफला मिळाला, एकदा लेगला. स्लिप मोजणाऱ्याला यातलं अर्धंच दिसलं असतं.

त्याच डावात बुमराहच्या चेंडूवर ट्रॅव्हिस हेडचा झेल गलीत रहाणेनेच घेतला. म्हणजे वेगासाठी गली, फिरकीसाठी लेग स्लिप. पदार्पण करणाऱ्या मोहम्मद सिराजचा पहिला कसोटी बळी, लाबुशेन, मात्र लेगच्या बाजूला गिलकडे झेल देऊन गेला. वेगवान गोलंदाजाचा बळीही नेहमी स्लिपमध्येच मिळतो असं नाही. ऑस्ट्रेलिया 195 वर आटोपली आणि भारताने सामना आठ गडी राखून जिंकला.

याला मर्यादाही आहेत. लेगच्या बाजूला, क्रीजच्या मागे यष्टीरक्षक सोडून दोनच क्षेत्ररक्षक ठेवता येतात. तिसरा गेला की नो-बॉल. म्हणजे लेग स्लिप आणि मागे सरकलेला स्क्वेअर लेग ठेवला की कोटा संपला. शिवाय सीमारेषेवरचा प्रत्येक माणूस भित्रेपणाची खूण नसतो. फलंदाज सतत स्वीप मारत असेल तर डीप स्क्वेअर लेगला एक माणूस हवा. तो असला की गोलंदाज मार पडण्याची भीती न बाळगता चेंडूला उंची देतो. तो माणूस हल्ल्यातलाच आहे.

खरा बचाव ओळखायचा असेल तर हे पाहा: जवळ एक शॉर्ट लेग दाखवायला बसवलाय, लाँग-ऑन, लाँग-ऑफ, डीप मिड-विकेट आणि डीप पॉइंट सीमेवर आहेत आणि मधली जागा मोकळी आहे. समालोचक म्हणतात "जवळ माणूस आहे, म्हणजे आक्रमण." फलंदाज मात्र षटकाला चार एकेरी धावा घेतो, कुठलाही धोका न पत्करता. षटकार मारण्याशिवाय दुसरं काही न येणाऱ्या तळाच्या फलंदाजाला ही रचना ठीक. जमलेल्या फलंदाजाला ती भेट आहे.

शाळेच्या एका सामन्यात आमच्या चौदा वर्षांच्या लेगस्पिनरला दुसऱ्या षटकात एक चौकार बसला. कप्तानाने लगेच चार जण सीमेवर पाठवले. मी कारण विचारलं तर म्हणाला, "सर, मार पडतोय ना." पुढच्या तीन षटकांत चौकार एकही गेला नाही, पण प्रत्येक चेंडूवर एक धाव गेली. पोराने कंटाळून चेंडू सपाट आणि जोरात टाकायला सुरुवात केली. त्याची फिरकी फलंदाजाने घालवली नाही, आपल्याच मैदानरचनेने घालवली.

म्हणून पुढच्या वेळी स्लिप मोजू नका. फिरकी सुरू झाली की एवढंच बघा: फलंदाजाला एक धाव फुकट मिळतेय का? मिळत असेल तर शॉर्ट लेगला दोघं बसवले असले तरी कप्तान मागे हटला आहे, हे बेलाशक म्हणा.