भातावरचा आरोप आणि इन्शुलिनची मुखत्यारी

भाईंदर पश्चिमेस स्थानकाबाहेर सायंकाळच्या गर्दीत वडापावाच्या गाडीपाशी उभे राहिले, म्हणजे पाव कागदात तसाच टाकून देऊन दोन वडे तेवढे चटणीसह मोठ्या संयमाने भक्षण करणारा एखादा सुशिक्षित गृहस्थ अलीकडे हमखास दृष्टीस पडतो. आणि पावावर हा बहिष्कार का, असे कोणी विचारलेच, तर पावाने इन्शुलिन वाढते, इन्शुलिनने चरबी साठते, सबब पावाचीच चरबी होते, असा त्रिपदी सिद्धान्त तो ऐकवतो. या सिद्धान्ताची पहिली दोन पदे स्थूलमानाने खरी आहेत. तिसरे पद मात्र त्यांतून निष्पन्न होत नाही, आणि गंमत अशी की ज्या तेलाचा जाब विचारावयास हवा होता, ते वड्यासह निर्वेधपणे पोटात गेलेले असते.

महाराष्ट्रात इन्शुलिन हा शब्द मधुमेह्यांच्या घरांतून निघून सर्वांच्या तोंडी झाला, त्याचे श्रेय बव्हंशी नागपूरचे श्रीकांत जिचकार आणि त्यांचा विचार पुढे गावोगावी नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्याकडे जाते. दिवसातून दोनच वेळा, आणि प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण आटोपावे, कारण दर खाण्यागणिक इन्शुलिन स्रवते आणि ते चढे असेतोवर चरबी वितळत नाही, अशी त्या पद्धतीची मांडणी. या पद्धतीने पुष्कळांची वजने उतरली, हे मी नाकारीत नाही. परंतु मधल्या वेळचा चहा, बिस्किटे आणि फरसाण बंद झाल्यावर दिवसाची एकंदर आवकच घटते, आणि माझ्या मते वजन उतरण्याचे मुख्य कारण तेच आहे. ऐकणाऱ्यांनी मात्र त्या मांडणीतून आपल्या सोयीचा निष्कर्ष काढला, की इन्शुलिन हाच गुन्हेगार आणि भात-पाव हे त्याचे साथीदार.

वस्तुतः इन्शुलिन हे शरीराच्या खजिन्यावरील कारकुनासारखे आहे: जमा नोंदवणे आणि उचल तहकूब ठेवणे एवढाच त्याचा अधिकार, वर्षअखेरीची शिल्लक ठरवणे त्याच्या हाती नाही. भात पचून त्याचे ग्लुकोज रक्तात उतरले, की स्वादुपिंडातून इन्शुलिन निघते. त्याच्या हुकमाने स्नायू ग्लुकोज आत घेतात, काही ग्लुकोज तत्काळ जाळले जाते आणि उरलेले ग्लायकोजेनच्या रूपाने साठते, हा एकूण साठा यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत त्याच्या तिप्पट-चौपट. त्याच वेळी मेदपेशींतून चरबीची उचल थांबते, आणि जेवणाबरोबर आलेली चरबी, म्हणजे वड्यातले तेल अथवा पोळीवरचे तूप, मेदपेशींत ठेवून घेतली जाते. साठली ती ही चरबी. भात तर जळून गेला किंवा ग्लायकोजेन झाला. काही तासांनी इन्शुलिन उतरले, की उचल पुन्हा सुरू होते आणि रात्रभर झोपेतही चालू राहते.

ग्लुकोजपासून चरबी घडवण्याची विद्या मानवी शरीरास अवगत नाही, असे नव्हे. पण मिश्र आहार घेणाऱ्या निरोगी प्रौढात ती अत्यल्प प्रमाणात, दिवसाकाठी काही ग्रॅमच, वापरली जाते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणांना कित्येक दिवस पिष्टमय अन्न अतोनात खाऊ घातले, तेव्हा ग्लायकोजेनचा साठा सुमारे ५०० ग्रॅमने फुगल्यानंतरच ग्लुकोजपासून बनलेली चरबी अंगावर चढू लागली. सणासुदीस पुरणपोळ्यांची पैज मारणाऱ्यासही असा आहार सलग अनेक दिवस झेपणे कठीण.

मग भात खाऊन माणूस कधी लठ्ठ होतच नाही काय? होतो, पण मार्ग वेगळा आहे, आणि तो उदाहरणाने पाहणे बरे. मीरा रोडहून चर्चगेटला कचेरीत जाणाऱ्या एखाद्या कारकुनाची दिवसाची गरज सुमारे २२०० उष्मांकांची आहे, आणि त्याच्या आहारात ३२० ग्रॅम पिष्टमय पदार्थ, ६५ ग्रॅम प्रथिने आणि ७३ ग्रॅम चरबी आहे, असे धरू. जमा-खर्च बरोबर जुळतो. आलेली चरबी चोवीस तासांत जळून जाते. आता त्याने रोज दोन वाट्या भात जास्त घेतला, म्हणजे सुमारे ८० ग्रॅम पिष्ट, ३२० उष्मांक. शरीर हे जादा पिष्ट अग्रक्रमाने जाळते, त्यामुळे चरबी तेवढी कमी, सुमारे ३५ ग्रॅम कमी, जळते, आणि ती तशीच मेदपेशींत पडून राहते. म्हणजे अंगावर चढले ते तेल, भाताने फक्त त्याची जाळण्याची पाळी हुकवली. भाताऐवजी ३५ ग्रॅम तेलच जास्त पोटात गेले असते, तरी शिल्लक जवळपास तितकीच राहिली असती. आणि नुसत्या तेलाने इन्शुलिन फारसे चढतही नाही.

हाच हिशेब उलटा करून पाहावा. त्या कारकुनाने मूळ आहारातून दोन वाट्या भात काढला आणि भूक भागवण्यासाठी त्या जागी तितक्याच उष्मांकांचे शेंगदाणे व चीज घातले. इन्शुलिन उतरले, चरबीचे ज्वलन खरोखरच वाढले, आणि त्याचा मित्रमंडळींत गवगवाही झाला. पण जितकी चरबी जास्त जळू लागली, जवळपास तितकीच जास्त पोटात येऊ लागली, तेव्हा अंगावरची चरबी होती तेथेच राहिली. ज्वलनाचा आकडा आणि शिल्लक या दोन भिन्न बाबी आहेत, हे ध्यानात न घेतल्याने पुष्कळ घोटाळा होतो. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१५ साली १९ स्थूल व्यक्तींना रुग्णालयात ठेवून सारखेच उष्मांक एकदा पिष्टातून आणि एकदा चरबीतून कमी केले, तेव्हा इन्शुलिन पिष्ट कमी केल्यावरच लक्षणीय उतरले. तथापि अंगावरची चरबी उतरली दोन्ही वेळा, आणि चरबी कमी खाल्ली त्या वेळी अधिकच.

भात सोडल्यावर पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो वजन उतरल्याचा अनुभव पुष्कळजण सांगतात, आणि तो खोटा नसतो. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. साठा रिता झाला की ते लघवीवाटे निघून जाते. वजन झपाट्याने उतरून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अडले, कमरेचा घेर मात्र तसाच राहिला, तर गेले ते मुख्यतः पाणी असे समजावे.

मुर्धा, राई, मोर्वा या आपल्या गावांतील जुन्या पिढीने भात आणि तांदळाची भाकरी यांवरच शेतीची आणि मिठागरांतली अंगमेहनत केली, आणि ती पिढी काही त्यामुळे गरगरीत झाली नव्हती. पण याचा अर्थ भाताची निर्दोष मुक्तता झाली, असा नव्हे. ज्यांच्या शरीरात इन्शुलिनचा प्रभाव क्षीण झाला आहे आणि यकृतावर चरबी चढली आहे, त्यांच्या यकृतात साखरेपासून चरबी बनण्याचे प्रमाण निरोगी माणसाच्या मानाने बरेच अधिक असते; अशांनी सरबते, मिठाई आणि विशेषतः साखरेची पेये आवरली पाहिजेत. मधुमेह्यास भाताचे माप ठरवावे लागते ते रक्तशर्करेसाठी, आणि गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना जेवणांच्या वेळा परस्पर बदलल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

इन्शुलिनच चरबी वाढवते, या समजुतीचा याहून घातक परिणाम वेगळाच होतो. इन्शुलिन सुरू केल्यावर वजन वाढते, हे ऐकून काही रोगी डॉक्टरांना न कळवता टोचणी चुकवतात. इन्शुलिन अपुरे पडत असताना साखर लघवीवाटे वाया जात असते, म्हणून भरपूर खाऊनही रोगी वाळतो; औषध सुरू होताच ती गळती थांबते, आणि आहार पूर्वीइतकाच राहिला तर वजन वाढते. त्यावर उपाय आहाराचे माप पुन्हा ठरवून घेणे हा आहे. टोचणी चुकवली, तर वजन उतरेल खरे, पण रक्तात आम्ल साचून रोग्यास रुग्णालयात दाखल करण्याची पाळी येऊ शकेल.