तव्याचा आवाज, कांद्याचा वास

मुंबईतील रात्रीच्या भुर्जी-पावाच्या गाडीचे छायाचित्र या अंकात आहे, आणि त्याच्या चित्रओळीतून, म्हणजे चित्राखालच्या मजकुरातून, ‘चटकदार’ हा शब्द वगळला आहे, कारण तो कोणत्याही खाद्यचित्राखाली बसतो; त्याऐवजी चित्रातल्या क्षणाचा आवाज आणि वास लिहिला आहे. कांदा तापलेल्या तेलात पडताच त्यातील पाण्याची वाफ होऊन चर्र असा आवाज उठतो. पाणी आटत जाते तसा तो मंदावतो आणि उग्र वास हळूहळू खरपूस होतो, म्हणून अजून पांढऱ्याच असलेल्या कांद्याच्या चित्राखाली खरपूस वास लिहिणे ही चूकच ठरते. येथे कांदा अजून पांढरा आहे, कालथा कडेला टेकलेला आहे, त्यामुळे ओळ अशी झाली: ‘कांदा चरचरतो आहे, मिरचीचा ठसका रस्त्यापर्यंत आला आहे, कालथ्याची खणखण अजून सुरू व्हायची आहे.’