नुसते ‘पैसे परत करा’ पुरेसे नाही

सहल रद्द करताना कंपनीकडे सरसकट पूर्ण पैसे मागावेत, हा गेल्या आठवड्यातील पत्रलेखकाचा सल्ला मला पटत नाही. 22 एप्रिल 2025 च्या पहलगाम हल्ल्यानंतर नेरूळच्या आमच्या ज्येष्ठांच्या गटानेही काश्मीरचे बुकिंग रद्द केले. कंपनीने ‘अॅडव्हान्स परत मिळत नाही’ ही अट पुढे केली. आम्ही ई-मेलमध्ये बुकिंग क्रमांक आणि सर्वांची संमती देऊन लिहिले: ‘याच रकमेत पुढची तारीख द्या, जमत नसेल तर विमान, हॉटेल व तुमचे शुल्क यांचा वेगवेगळा हिशेब, कापलेल्या रकमेच्या पावत्यांसह पाठवा.’ हिशेब मागायलाच हवा. त्या दिवसांत विमान कंपन्यांनी श्रीनगरच्या तिकिटांचे रद्दशुल्क माफ केले होते. तो पैसा मधल्यामध्ये अडकणे हा सरळ अन्याय आहे.

तारीख बदलून घेणार असाल, तर वाढीव विमानभाडे कोण भरणार आणि क्रेडिटची मुदत किती, हे लेखी घ्या. फोनवरचे आश्वासन पुढे सिद्ध करता येत नाही. उत्तरच आले नाही, तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने कंपनी कुठलीही असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते.

— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई