समीरची सकाळ

दादाजानना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची डावी बाजू गेली. खाताना ठसका लागे. समीरच्या हातून मात्र ते नीट खात. रविवारी सकाळी ८ वाजता समीरची १४ वर्षांखालील संघाची निवड चाचणी होती. पुढच्या वर्षी त्याचं वय बसणार नव्हतं.

"तू जा बेटा, आम्ही भरवतो," आम्ही म्हणालो. पण दादाजान रात्रभर खोकत होते.

फजरनंतर समीरने बूट घातले, बॅग उचलली, दादाजानकडे पाहिलं आणि बॅग खाली ठेवली. उशा लावून त्यांना ताठ बसवलं. मऊ खिमटाचा अर्धा चमचा उजव्या गालाशी दिला, ते गिळेपर्यंत थांबला, मगच दुसरा दिला. वाटी संपायला पाऊण तास लागला. नंतरही अर्धा तास त्याने त्यांना आडवं होऊ दिलं नाही.

८ वाजून गेले. दादाजाननी उजव्या हाताने बॅगेकडे बोट दाखवलं. समीर काही बोलला नाही. अंगणात जाऊन बराच वेळ भिंतीवर चेंडू टाकत राहिला.

दुपारी त्याने आम्हा सगळ्यांना भरवायची रीत शिकवली. आता १६ वर्षांखालील चाचणी येईल, तेव्हा इन्शाअल्लाह वाटी आमच्या हातात असेल.